काळोख होता तोवर: पर्ससीन जाळ्याची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात मालवणच्या किनाऱ्यावरून.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं मित्र तिकडे गेलो होतो. रात्री जेवून वाळूत बसलो होतो. समोर समुद्र काळाकुट्ट, पण क्षितिजावर दिव्यांची एक लखलखीत रांग. मला वाटलं मोठं जहाज असावं. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका शेजारी विडी ओढत बसले होते. मी विचारलं, तर म्हणाले, "जहाज नाय रे, एलईडीवाले ते." मग थोडा वेळ गप्प. आणि नंतर, "पूर्वी काळोख असलो तरच मासो दिसायचो. आता ह्यांनी काळोखच ठेवलो नाय."

पहिलं वाक्य कळलं. दुसऱ्यावर मी अडकलो. काळोखात मासा दिसायचा? उलट असायला पाहिजे ना? मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे एखादी गोष्ट उलटी चालतेय असं दिसलं की झोप लागत नाही. पुण्याला परत आल्यावर वाचत बसलो, आणि त्या एका वाक्याचं उत्तर शोधत पोचलो कुठे, तर कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी बंदरात, १९३० च्या दशकात. काकांनी एका वाक्यात सांगितलेली गोष्ट तिथे आधीच घडून गेली होती, आणि तिथल्या लोकांनी ती आकड्यांसकट लिहूनही ठेवली होती.

आधी हे जाळं काय असतं ते समजून घेऊ. पर्ससीन. यातली पर्स म्हणजे खांद्याला लावायची नाही, तर आजीचा बटवा. नाडी ओढली की तोंड बंद. आता हा बटवा उलटा करा. म्हणजे नाडी खालच्या बाजूला, आणि वरची बाजू पाण्यावर उघडीच. झालं पर्ससीन.

जाळं म्हणजे एक लांबच लांब भिंत. वरच्या काठाला बुचाचे तरंगते गोळे, म्हणजे बोये. खालच्या काठाला शिसं, ते भिंतीला खाली ओढतं. शिशाच्या काठाला ठरावीक अंतरावर धातूच्या कड्या लटकवलेल्या, आणि त्या सगळ्या कड्यांमधून ओवलेली एक जाड नाडी. माशांच्या थव्याभोवती ही भिंत गोल फिरवायची आणि मग नाडी ओढायची. खालचा काठ गोळा होतो, तळ बंद होतो, आणि भिंतीची होते पिशवी. मासा जाळ्याच्या भोकात अडकत नाही हे इथे लक्षात ठेवा. तो कोंडला जातो. आत जे काही असेल ते सगळं, लहानमोठं, एकदम कोंडलं जातं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हे जाळं वापरात होतं. पश्चिमेला मॉन्टेरीत त्याआधी लांपारा नावाचं इटालियन पद्धतीचं जाळं चालायचं. ते सिसिलीहून आलेल्या कोळ्यांनी आणलेलं. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे पर्ससीनच्या मोठ्या बोटी आल्या आणि काही वर्षांत त्यांनी लांपाराला बाजूला सारलं. मासा कोणता? सार्डिन. म्हणजे आपल्या तारलीचा लांबचा भाऊ.

आता एका रात्रीची फेरी मारू. अशीच एखादी रात्र डोळ्यांपुढे आणा.

हंगाम ऑगस्ट ते फेब्रुवारी. बोट साधारण पंचाहत्तर फुटांची, वर दहा-बारा माणसं. मागच्या बाजूला एक फिरता लाकडी चौथरा, त्यावर जाळं घड्या घालून रचलेलं. जाळ्याची लांबी सुमारे चारशे मीटर, खोली साठेक मीटर. म्हणजे जवळपास वीस मजली इमारतीएवढी उंच भिंत, पाण्यात उभी करायची. बोटीच्या शेपटीला एक जड होडी.

बंदरातून बोट निघते ती संध्याकाळी. आणि बाहेर गेल्यावर दिवे बंद.

इथे काकांचं वाक्य सुटतं. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते ढवळले गेले की प्रकाश देतात. कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, तोच प्रकार. आता पाण्याखालून हजारो तारल्या एकत्र चालल्या की पाणी ढवळतं आणि तो सगळा भाग मंद उजळतो. डोलकाठीवर किंवा बोटीच्या टोकाला उभा राहिलेला माणूस अंधारात तो उजेडाचा डाग शोधत असतो. मुरलेला माणूस त्या डागाचा आकार आणि हालचाल बघून सांगायचा की खाली सार्डिन आहे की दुसरं काही, आणि थवा कुठल्या दिशेला चाललाय.

पण यासाठी काळोख लागतो. चंद्र वर आला की त्याच्या उजेडात पाण्यातला हा मंद उजेड हरवतो. त्यामुळे मॉन्टेरीचा सगळा ताफा पौर्णिमेच्या आसपासचे काही दिवस बंदरातच बांधलेला असायचा. जाळी दुरुस्त करायची, घरी झोपायचं. ही गोष्ट इतकी नियमित होती की तिथल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी सार्डिनचा हिशोब इंग्रजी महिन्यांवर न ठेवता चांद्रमासावर ठेवला. एका बोटीने एका चांद्रमासात किती टन आणले, हे त्यांचं माप. आपल्याकडे पंचांग बघून उपास धरतात, तिकडे पंचांग बघून मासळी मोजत होते.

बरं, डाग दिसला. आता पुढची काही मिनिटं सगळं वेळेचं गणित आहे.

तांडेल थव्याच्या पुढच्या बाजूला बोट नेतो. इशारा झाला की होडी मागे सोडतात. होडीत जाळ्याचं एक टोक बांधलेलं. होडी जागेवर राहते, बोट पूर्ण वेगाने गोल फिरते, आणि चौथऱ्यावरून जाळं धडाधड पाण्यात पडत जातं. बोटीचा वेग सेकंदाला चार मीटर धरा. चारशे मीटर जाळं टाकायला शंभर सेकंद. दोन मिनिटांच्या आत बोट वर्तुळ पूर्ण करून होडीपाशी परत. वर्तुळाचा व्यास काढलात तर येतो सव्वाशे मीटरच्या आसपास. क्रिकेटचं एक मैदान वेढल्यासारखं.

पण अजून काहीच पकडलेलं नाही! भिंत गोल झाली तरी तळ उघडा आहे. शिसं खाली जायला काही मिनिटं लागतात, मग विंचवर नाडी ओढायला आणखी वेळ. मासा साठ मीटर खाली जायचं ठरवेल तर मिनिटभरात जाईल. म्हणजे कागदावर बघितलं तर दर वेळी मासाच जिंकायला हवा. तो जिंकत नाही, कारण आपल्याला वेढलंय हे त्याला कळत नाही. थव्यातला मासा शेजाऱ्याकडे बघून वळतो आणि भिंत दिसली की तिच्या कडेने गोल फिरत राहतो. रात्रीच्या अंधारात जाळं त्याला उशिरा जाणवतं. म्हणून रात्र दोन्हीकडून कोळ्याच्या बाजूने असते. त्याला मासा दिसतो, आणि माशाला जाळं दिसत नाही.

नाडी पूर्ण ओढली, कड्या बोटीच्या कडेला वर आल्या, की तळ बंद. मग जाळं आत ओढत ओढत पिशवी लहान करायची. त्या काळी जाळं सुती होतं, भिजलं की भयंकर जड. विंचची मदत होती, तरी बरंच काम माणसांच्या हातांनी व्हायचं. शेवटी मासे एका कोपऱ्यात दाटले की मोठ्या पळीसारख्या जाळीने उपसून बोटीच्या पोटात ओतायचे. चांगला डाव लागला तर एका फेऱ्यात शंभर टनसुद्धा. एक तारली दीडशे ग्रॅमची धरली तर सहा-सात लाख मासे.

पहाटे बोटी परतल्या की किनाऱ्यावरच्या डबाबंद कारखान्यांचे भोंगे वाजायचे. प्रत्येक कारखान्याचा भोंगा वेगळा. आपला भोंगा ओळखून बायका-पुरुष अंथरुणातून उठून कामावर पळायचे.

आता हे बिघडतं कुठे, ते बघू. कारण हे जाळं जितकं हुशार आहे तितकंच आंधळं आहे.

पहिला धोका वजनाचा. जिवंत मासा पाण्यात स्वतःचं वजन स्वतः तोलून धरतो. पण पिशवी लहान होत गेली की मासे घाबरून एकदम खाली मुसंडी मारतात, आणि गुदमरून मेलेले मासे तर बुडतातच. मग ते सगळं ओझं जाळ्याच्या तळावर. याची खूण म्हणजे बोये. पाण्यावर ओळीत तरंगणारी बुचं एकामागून एक खाली जायला लागली की जुनी माणसं ओरडायची. त्या क्षणाला दोनच रस्ते असतात. जाळं फाटेल, नाहीतर त्याच बाजूला बांधलेली बोट कलंडायला लागेल. नाडी सैल करून मासा सोडून द्यायचा निर्णय त्याच मिनिटाला घ्यावा लागतो, आणि नेमका तोच घेणं सगळ्यात अवघड. कारण पाण्यात समोर महिन्याची कमाई फडफडत असते.

दुसरा धोका तळाचा. साठ मीटरचं जाळं चाळीस मीटर पाण्यात टाकलं तर शिसं तळाला टेकतं. खाली खडक असला की नाडी ओढताना जाळं अडकतं आणि फाटतं. त्यात प्रवाह चुकीचा असेल तर बोट स्वतःच्याच जाळ्यावर ढकलली जाते आणि पंख्यात जाळं गुंडाळलं जातं. मग काळोख्या समुद्रात इंजिन बंद, आणि बाजूला टनावारी मासळी बांधलेली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आत काय आहे आणि किती आहे, हे तळ बंद झाल्यावरच कळतं. मासा फार लहान निघाला, किंवा बोटीत मावणार नाही एवढा निघाला, तर सोडून देता येतो. पण तोवर उशीर झालेला असतो. दाटीत एकमेकांवर घासून तारलीचे खवले निघतात, पाण्यातला प्राणवायू कमी पडतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, सोडलं बाबा जिवंत. पण त्यातले बरेचसे नंतर मरतात, आणि ते कुठल्याच वहीत लिहिले जात नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर इथे ‘अनडू’ चालत नाही.

म्हणजे या जाळ्याला स्वतःची अशी मर्यादा जवळजवळ नाहीच. मर्यादा होत्या त्या बाहेरच्या. चंद्र, माणसांच्या हातातली ताकद, बोटीच्या पोटातली जागा, आणि बाजारात किती खपेल ते.

मॉन्टेरीत सगळ्यात आधी तुटली ती बाजाराची मर्यादा. माणसं डब्यातली सार्डिन खाऊन खाऊन किती खाणार? पण मासा दळून त्याची भुकटी कोंबड्यांना आणि शेताला, आणि तेल कारखान्यांना, असं सुरू झाल्यावर कितीही मासा खपायला लागला. राज्याने किनाऱ्यावरच्या कारखान्यांना आवर घालायचा प्रयत्न केला, तर काही जणांनी तीन मैलांच्या हद्दीबाहेर जहाजंच उभी केली आणि त्यांच्यावर मासा दळायला लागले. १९३६-३७ च्या हंगामात कॅलिफोर्नियात सात लाख टनांहून जास्त सार्डिन उतरली.

त्या काळात फ्रान्सिस क्लार्क नावाच्या एक शास्त्रज्ञ राज्याच्या मत्स्य खात्यात काम करत होत्या. चांद्रमासांचा हिशोब ठेवणाऱ्यांपैकी त्या एक. त्या खात्याचं म्हणणं होतं की वर्षाला साधारण अडीच लाख टनांच्या वर जाऊ नये. उद्योगाने ऐकलं नाही. केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञांचं मत वेगळं होतं. मासा कमी-जास्त होतो तो समुद्राच्या हवामानामुळे, पुरावा पक्का नसताना धंदा का बांधायचा, असा तो सूर. दोघं वाद घालत राहिले, आणि बोटी दर काळोख्या रात्री जात राहिल्या.

१९४५-४६ मध्ये मॉन्टेरीत लाखाहून जास्त टन आले. पुढच्याच हंगामात ते साधारण पाचव्या हिश्श्यावर आले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. १९५० च्या दशकात एकेक भोंगा बंद होत गेला. १९६७ मध्ये राज्याने सार्डिनच्या मासेमारीवर बंदी घातली, तेव्हा बंदी घालण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

आता इथे थांबून ‘जाळ्याने मासा संपवला’ असं म्हणणं सोपं आहे. पण गोष्ट तेवढी सरळ नाही. १९६९ मध्ये सूटार आणि आयझॅक्स या दोन शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाजवळ, सँटा बार्बराच्या खोल समुद्रतळातला गाळ तपासला. तिथे तळाशी प्राणवायू जवळपास नाही, त्यामुळे गाळाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे न विस्कटता राहतात, आणि त्यात पडलेले माशांचे खवलेही. त्या पानांवर काय लिहिलेलं सापडलं? तर सार्डिन शेकडो वर्षांपासून अशीच येते आणि जाते. पर्ससीन नसतानाही गेली होती.

म्हणजे केंद्राचे शास्त्रज्ञ बरोबर होते? अर्धे. समुद्र बदलला की तारली कमी होणारच होती. पण वाईट वर्षांतून तगून जायला मोठे, पुष्कळ अंडी घालणारे मासे मागे राहावे लागतात. तेच उपसले गेले होते. आणि थव्याने राहणाऱ्या माशाची एक फसवी गोष्ट असते. संख्या कमी झाली तरी उरलेले मासे एकत्रच राहतात. थवे कमी होतात, पण सापडलेला थवा पूर्वीसारखाच दाट. त्यामुळे बोटीवरच्या माणसाला शेवटपर्यंत वाटत राहतं की मासा आहे की! जाळं भरून येतंय ना? मासा परत यायला मग चाळीसेक वर्षं लागली. १९८६ मध्ये थोडी मासेमारी पुन्हा सुरू झाली, आणि २०१५ मध्ये साठा घसरल्यावर परत बंद करावी लागली. फरक एवढाच की या वेळी नियमाने आधी थांबवलं.

मधल्या काळात बाकीच्या मर्यादाही गेल्या. १९५० च्या दशकात मारिओ पुरातिच या क्रोएशियात जन्मलेल्या कोळ्याने जाळं ओढणारी यांत्रिक कप्पी काढली, आणि हातांच्या ताकदीचा प्रश्न मिटला. नायलॉन आलं, जाळं हलकं झालं. आवाजाच्या लहरींनी मासा शोधणारी यंत्रं आली. उरला फक्त काळोख.

आणि आता आपण परत मालवणच्या वाळूत.

पर्ससीन आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आलं ते १९७० च्या दशकात, गोवा आणि कर्नाटकाच्या बाजूने. तिथून महाराष्ट्रात. गोव्यात रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून रापण ओढणाऱ्यांनी, तेव्हापासूनच यांत्रिक बोटींविरुद्ध लढा दिला. कारण साधं होतं. रापण किनाऱ्याजवळ आलेला बांगडा-तारली पकडते. तोच थवा बाहेर कोणी वेढला तर किनाऱ्यावर काय येणार? अर्थात दुसरी बाजूही आहे. पर्ससीनच्या बोटीवर कर्ज असतं, वीस-पंचवीस खलाशांची पोटं असतात, आणि तुमच्या-आमच्या ताटात परवडणारा बांगडा येतो तो बराचसा याच जाळ्यातून. मी काठावर बसून कोणाला खलनायक ठरवणार नाही.

पण एलईडीने जे केलं ते वेगळं आहे. जुन्या पद्धतीत माणूस काळोखात हिंडून तयार थवा शोधायचा. कधी सापडायचा, कधी नाही. चमक बघून मासा कुठला त्याचा अंदाज यायचा. आता जनरेटर लावून पाण्यावर आणि पाण्याखाली प्रखर दिवे सोडतात. उजेडाकडे बारीक जीव येतात, त्यांच्यामागे मासे, त्यांच्यामागे आणखी मोठे मासे. लांबून, सगळ्या जातींचे, सगळ्या वयांचे. थवा शोधायचा नाही, बनवायचा. मग शेजारून पर्ससीन फिरवायचं. आत काय आहे ते तळ बंद झाल्यावर कळतं, हे तेव्हाही खरं होतं. पण तेव्हा आत साधारण एकच थवा असायचा. आता आत त्या भागातलं सगळंच असू शकतं, अजून एकदाही अंडी न घातलेल्या पिल्लांसकट. आणि पौर्णिमेची सुट्टीही पूर्वीसारखी राहिली नाही. बंदरात बांधून घालणारा तो एक नियम कुणी लिहिलेला नव्हता, कुणाचा अधिकारी त्यासाठी लागत नव्हता, आणि तो मोडता येत नव्हता. तो एका स्विचने गेला.

त्याच्या जागी मग लिहिलेले नियम आले. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच ठेवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने आपल्या सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी आणि तशा दिव्यांनी मासे ओढण्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने कायदा बदलून दंड लाखांत नेला. तरीही क्षितिजावर ती रांग आम्ही पाहिलीच. शेकडो किलोमीटरचा समुद्र आणि मोजक्या गस्ती नौका. दिवा दिसला म्हणून तिथे पोचेपर्यंत दिवा विझलेला असतो.

शेवटची एक नोंद सांगतो. तमिळनाडूत पर्ससीनवर बंदी होती, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली. बारा सागरी मैलांच्या बाहेर, आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार. आणि वेळ? सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

मी तो आदेश वाचला तेव्हा काका आठवले. मॉन्टेरीत चंद्र महिन्यातले काही दिवस बोटी बांधून ठेवायचा. इथे न्यायालयाने रात्रच काढून घेतली. मॉन्टेरीत हे जाळं रात्रीचं होतं हे ज्याला कळलं, त्याला त्या दोन वेळांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढच्या वेळी कोकणात गेलात तर अमावस्येच्या आसपास जा. मोबाईलचा टॉर्च बंद करा आणि पाण्यात हात फिरवा. चमकलं, तर कळेल जुना तांडेल काय शोधत होता ते.

भेटू पुढच्या भागात.